मलम की पोटात घ्यायचे औषध? लहान मुलांचे पिकणारे फोड आणि वसतिगृहातील साथ



पावसाळ्याच्या शेवटी सातपुड्याच्या पायथ्याकडील गावांतून आम्हांला मलकापूरला जे फोन येतात, त्यांतले बरेचसे एकाच गोष्टीसाठी असतात. “ताई, पोरांच्या अंगावर फोड आले. मलम पाठवता का?” आपल्यापैकी अनेक जण औषधांच्या पार्सलसाठी मदत पाठवता, काही जण सुट्टीत वसतिगृहांना भेटही देता. म्हणून या अंकातील आरोग्यपाठ या फोडांविषयी आहे. कधी मलम पुरते, कधी पोटात औषध द्यावे लागते आणि कधी दोन्ही देऊनही फोड परत का येतात, हे आपण एका वसतिगृहाच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

हा आजार कोणता?

डॉक्टर याला इम्पेटिगो म्हणतात. त्वचेच्या अगदी वरच्या थराला जंतूंचा संसर्ग होतो. हे जंतू मुख्यतः दोन आहेत, स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस. निरोगी कातडीतून ते सहसा आत शिरत नाहीत. त्यांना वाट लागते. डास चावून खाजवलेली जागा, खरचटलेला गुडघा, खरजेचे ओरखडे, उवांमुळे खाजवलेली मान, सर्दीने सोललेली नाकाखालची कातडी, अशा ठिकाणी ते घर करतात. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत हा आजार सर्वांत जास्त दिसतो, पण एका खोलीत झोपणाऱ्या मोठ्या मुलांनाही तो होतो.

सुरुवातीला लहानसा फोड येतो, तो लगेच फुटतो आणि त्यातून पाझरलेले पाणी वाळून मधाच्या रंगाची चिकट खपली धरते. गुळाचा पाक सांडून वाळावा तशी ती दिसते. ही खपली ही या आजाराची मुख्य खूण. दुसऱ्या प्रकारात मोठे, सैल, पाण्याने भरलेले फोड येतात आणि ते फुटल्यावर पातळ कडा राहते.

आपल्या भागात तीन गोष्टींशी याची गल्लत होते. पहिली कांजिण्या. त्यात ताप असतो, पुरळ आधी छाती-पोटावर येतो आणि एकाच वेळी नवे-जुने सगळ्या अवस्थांतले फोड दिसतात. घरात “माता आली” असे समजून मुलाला आंघोळ घालणे बंद केले जाते. इम्पेटिगोत तर रोजची साबणाची आंघोळ हा उपचाराचाच भाग आहे. दुसरी गल्लत नायट्याशी होते. नायट्याची कड गोल, उठावदार आणि खवलेदार असते, मधला भाग बरा दिसतो, ओली खपली नसते. तिसरी गल्लत बरे झाल्यानंतर होते. सावळ्या कातडीवर खपली पडल्यावर काही आठवडे फिकट डाग राहतो आणि आई-वडील महारोगाच्या शंकेने घाबरतात. इम्पेटिगोचा डाग हळूहळू भरून येतो, व्रण राहत नाही आणि तेथे स्पर्श नीट कळतो. डागावर स्पर्श कळत नसेल किंवा डाग जातच नसेल तर मात्र तो डॉक्टरांना दाखवावा.

मलम केव्हा पुरते

मलम हवे की पोटात औषध, हे ठरवताना डॉक्टर आधी तीन गोष्टी पाहतात. फोड किती आहेत, ते शरीराच्या किती भागांवर पसरले आहेत आणि त्या घरात किंवा खोलीत आणखी किती मुलांना ते आहेत.

फोड चार-पाचच असतील, एखाद्या भागापुरते असतील, मूल खेळते-खाते असेल आणि ताप नसेल, तर मलम पुरेसे असते. अशा मर्यादित आजारात म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक अॅसिडचे मलम पोटातील औषधाइतकेच, काही तुलनांमध्ये त्याहून थोडे अधिक गुणकारी ठरले आहे. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने ६८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, त्यातून हेच दिसले. मलम थेट जागेवर काम करते, पोट बिघडवत नाही आणि शरीरातल्या इतर जंतूंना धक्का लावत नाही. म्हणून थोड्या फोडांसाठी बाटली किंवा गोळी उघडण्याची घाई नको.

लावण्याची पद्धत मात्र नीट हवी. आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत. उकळून कोमट केलेल्या पाण्यात स्वच्छ फडके भिजवून ते खपलीवर पाच-दहा मिनिटे धरावे. जी खपली आपोआप सुटेल तेवढीच काढावी, खरवडू नये. जाड खपलीवर लावलेले मलम वरच राहते, जंतूंपर्यंत पोहोचत नाही. मग कोरडे करून पातळ थर लावावा आणि शक्य असल्यास सुती पट्टीने झाकावे. असे दिवसातून दोन ते तीन वेळा, पाच दिवस. शेवटी पुन्हा हात धुवावेत. फडके एका मुलाचे दुसऱ्याला वापरू नये.

मलमाची मर्यादा हिशोबानेही कळते. ५ ग्रॅमची ट्यूब तीन-चार फोडांना पाच दिवस पुरते. अंगावर वीस फोड असतील तर तीच ट्यूब एक-दोन दिवसांत संपते. मग घरातले लोक ती पुरवून पुरवून, दिवसातून एकदा, दिसेल त्या फोडावर लावतात. पाठीवरचे आणि डोक्यातले फोड तसेच राहतात. असे अर्धवट मलम लावल्याने आजार जात नाही, उलट जंतू त्या औषधाला सरावतात. न्यूझीलंडमध्ये १९९१ पासून म्युपिरोसिन डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागले आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे जंतू वाढले. शेवटी तेथे चिठ्ठीशिवायची विक्री बंद करावी लागली.

पोटात औषध केव्हा

फोड अनेक असतील, शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर असतील, मोठे पाण्याचे फोड असतील, मुलाला ताप असेल, मलमाने दोन-तीन दिवसांत फरक पडत नसेल किंवा एकाच घरात, वर्गात, वसतिगृहात अनेक मुले आजारी असतील, तर डॉक्टर पोटातून अँटिबायोटिक देतात. साथीत पोटातील औषधाचा एक वेगळा फायदा आहे. आपल्याला न दिसलेल्या फोडांपर्यंतही ते पोहोचते, त्यामुळे मुलाकडून दुसऱ्याकडे जाणारा जंतूंचा पुरवठा लवकर आटतो.

औषध कोणते हे डॉक्टर ठरवतील, पण एक गोष्ट आपण लक्षात ठेवावी. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची बाटली याला चालत नाही. आजचे बहुतेक स्टॅफ जंतू ते औषध निकामी करणारे रसायन तयार करतात. म्हणून साधारणपणे सेफॅलेक्सिन किंवा क्लॅव्हुलॅनिक अॅसिड जोडलेले अमॉक्सिसिलिन सात दिवस दिले जाते.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत दूरच्या वस्त्यांतील ५०८ आदिवासी मुलांवर झालेली एक चाचणी आपल्यासाठी बोलकी आहे. तेथे पूर्वी पेनिसिलिनचे दुखरे इंजेक्शन देत. या चाचणीत काही मुलांना त्याऐवजी को-ट्रायमोक्साझोल हे पोटातील औषध तीन किंवा पाच दिवस दिले. दोन्ही गटांत १०० पैकी ८५ मुले बरी झाली. इंजेक्शन घेतलेल्या मुलांपैकी मात्र जवळजवळ एक तृतीयांश मुलांना टोचलेल्या जागी दुखणे राहिले. म्हणजे अंगभर फोड असले तरी सुईशिवाय काम होऊ शकते. पण आपल्याकडे हे औषध देताना एक काळजी हवी. जी-६-पी-डी या घटकाची कमतरता आपल्या काही आदिवासी कुटुंबांत आढळते आणि अशा मुलात या गटातील औषधाने रक्त फुटू शकते. म्हणून घरात कोणाला सिकलसेल, कावीळ किंवा “औषधाने लाल लघवी” असा अनुभव असेल तर तो डॉक्टरांना आधीच सांगावा.

एका वसतिगृहाचा हिशोब

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. सातपुड्याच्या पायथ्याशी एक लहान वसतिगृह आहे. नाव देत नाही. पहिली ते चौथीची ३६ मुले-मुली तेथे राहतात. ऑगस्टच्या शेवटी तेथील अधीक्षकांचा फोन आला की पाच मुलांना फोड आहेत आणि ती मुले घरी पाठवायची का.

मी त्यांना थांबायला सांगितले. घरी पाठवलेले मूल फोड घेऊनच जाते. पाड्यावर एका गोधडीत तिघे-चौघे झोपतात, त्यांत सर्वांत लहान भावंड अंगाशी असते. आठवड्याने मूल बरे होऊन परत येते, पण आजार पाड्यावर राहतो. काही मुले परत येतच नाहीत, कारण मधल्या काळात ती गुरांमागे किंवा कापसाच्या शेतात गुंततात. म्हणून वसतिगृहातच उपचार करणे हा मुलाच्या शिक्षणाचाही प्रश्न आहे.

दुसऱ्या दिवशी मी आणि त्या गावच्या आशाताई तेथे गेलो. प्रत्येक मुलाला खिडकीच्या उजेडात उभे करून आम्ही डोके, कानामागे, मान, हात, बोटांच्या बेचक्या, पोट, पाय असे क्रमाने पाहिले. मुलींना आशाताईंनी आडोशाला तपासले. वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने केले, “फोड किती” आणि “खाज आहे का”. ३६ पैकी पाच नव्हे, ११ मुलांना फोड निघाले. अधीक्षकांना चेहऱ्यावरचे दिसले होते, सदऱ्याखालचे दिसले नव्हते. शिवाय १६ मुलांना बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती रात्री वाढणारी खाज होती. म्हणजे खरूज. फोड असलेल्या ११ पैकी ७ मुले या १६ मध्ये होती.

वही घेऊन अधीक्षक व आम्ही शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांकडे गेलो. फोड असलेली मुले सोबत होती. डॉक्टरांनी प्रत्येकाला पाहून असा निर्णय केला. तिघांना तीन-चारच फोड होते आणि खरूज नव्हती, त्यांना म्युपिरोसिन मलम पाच दिवस. उरलेल्या आठ जणांना सेफॅलेक्सिन सात दिवस. खरजेसाठी काय केले ते पुढे सांगते.

बाटलीतला घोटाळा

पोटातील औषध वजनावर ठरते. एका मुलाचे वजन १५ किलो होते. डॉक्टरांनी किलोमागे दिवसाला २५ मिलिग्रॅम धरले, म्हणजे दिवसाला ३७५ मिलिग्रॅम, त्याचे तीन भाग, प्रत्येकी १२५ मिलिग्रॅम. पावडर असलेल्या बाटलीत पाणी मिसळल्यावर ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम औषध होते. म्हणून सकाळी, दुपारी, रात्री ५-५ मिली.

येथेच बहुतेक घरांत चूक होते. ही बाटली पुष्कळदा ३० मिलीची असते. ५ मिलीप्रमाणे तिच्यात सहाच मात्रा होतात, म्हणजे फक्त दोन दिवस. सात दिवसांसाठी २१ मात्रा, म्हणजे १०५ मिली लागतात. एका मुलाला चार बाटल्या. पण आई-वडिलांच्या मनात “बाटली संपली म्हणजे औषध संपले” असे असते. दोन दिवसांत खपल्या कोरड्या दिसू लागतात, बाटलीही रिकामी होते आणि उपचार तेथेच थांबतो. पुढच्या आठवड्यात फोड परत येतात आणि “औषध लागू पडले नाही” असा शिक्का बसतो.

आठपैकी तीन मोठ्या मुलांना कॅप्सूल गिळता येत होत्या. पाच लहानांसाठी आम्ही एकूण २० बाटल्या एकदम घेतल्या आणि प्रत्येकीवर मुलाचे नाव व क्रमांक लिहिला. एका वेळी एकच बाटली मिसळायची, कारण पाणी घातल्यावर औषध साधारण आठवडाभरच टिकते आणि तेही थंड जागी. उकळून गार केलेले पाणी बाटलीवरच्या खुणेपर्यंत अर्धे-अर्धे घालून हलवायचे. मोजण्यासाठी घरचा चमचा नको. घरच्या चमच्यांत ३ मिलीपासून ७ मिलीपर्यंत फरक निघू शकतो. बाटलीबरोबरचे झाकण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरावी. भिंतीवर २१ चौकोनांचा तक्ता लावला आणि मात्रा दिली की अधीक्षक एक चौकोन खोडत.

तिसऱ्या दिवशी पाहणी केली. जुन्या खपल्या कोरड्या, कडा सपाट, नवा फोड नाही, अशी स्थिती दहा जणांची होती. एका मुलीचे फोड तसेच ओले होते आणि दोन नवे आले होते. तक्ता पाहिला तर मात्रा नियमित होत्या. तेव्हा कारण औषधातच शोधायचे. डॉक्टरांनी फोडातील पू तपासणीला पाठवून औषध बदलले आणि ती बरी झाली. काही स्टॅफ जंतू सेफॅलेक्सिनला दाद देत नाहीत. तक्ता नसता तर मात्रा चुकली की जंतू हट्टी, हे कळलेच नसते.

खरूज राहिली तर फोड परत येतात

सोळा मुलांच्या खाजेकडे दुर्लक्ष केले असते तर हा सारा उपचार महिन्याभरात वाया गेला असता. खरजेचा किडा कातडीत बीळ करतो, मूल रात्रभर खाजवते, नखांनी कातडी उघडते आणि जंतूंना रोज नवे दार मिळते. अँटिबायोटिक जंतू मारते, किड्याला काही करत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा फिजी बेटांवरून आला. तेथे काही बेटांवरील सर्व लोकांना एकाच वेळी खरजेचे आयव्हरमेक्टिन हे औषध दिले. एका वर्षात खरूज १०० पैकी ३२ लोकांवरून २ वर आली. फोडांसाठी सर्वांना वेगळे अँटिबायोटिक दिले नव्हते, तरीही फोड असलेले लोक १०० पैकी सुमारे २५ वरून ८ वर आले. म्हणजे नुसती खाज थांबवल्याने दोन तृतीयांश फोड गेले.

आमच्या वसतिगृहात डॉक्टरांनी परमेथ्रिन ५ टक्के क्रीम दिले. खाज असलेल्या सोळांनाच नव्हे, सर्व ३६ मुलांना, अधीक्षकांच्या कुटुंबाला आणि स्वयंपाकीण मावशींनाही. खरूज लागल्यावर पहिल्यांदा खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे न खाजवणारे मूलही किडा बाळगून असू शकते. क्रीम सगळ्यांना एकाच रात्री, मानेपासून तळपायांपर्यंत, बोटांच्या बेचक्या, नखांखाली, बेंबी आणि कमरेसह लावले. सकाळी आंघोळ. एका आठवड्याने पुन्हा तसेच, कारण पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून नवे किडे निघतात. त्या सकाळी अंगावरचे कपडे व चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकल्या. ज्या गोधड्या धुता येत नव्हत्या त्या मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून चार दिवस बाजूला ठेवल्या. माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

सर्वांना आधीच सांगितले की मेलेल्या किड्यांमुळे खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. हे न सांगितल्यास लोक रोज क्रीम लावतात आणि कातडी भाजते.

पसरू नये म्हणून नेमके काय

औषध सुरू झाल्यावर मूल केव्हा वर्गात जाऊ शकते? अमेरिकेत २४ तासांनी, इंग्लंडमध्ये ४८ तासांनी किंवा सर्व फोडांवर कोरडी खपली धरल्यावर जाऊ देतात. आम्ही दोन दिवस धरले. तेवढे दिवस त्या ११ मुलांची अंथरुणे एका बाजूला, हातभर अंतराने लावली. तिसऱ्या दिवशी झाकलेल्या फोडांसह ती वर्गात बसली.

बाकी चार गोष्टी पाळल्या. पहिली, टॉवेल. ३६ मुलांत १२ टॉवेल होते, तेव्हा दात्यांच्या मदतीतून प्रत्येकाला नाव शिवलेला पंचा दिला. दुसरी, नखे. दर रविवारी सर्वांची नखे कापायची आणि प्रत्येक वेळी नेलकटर साबणाने धुऊन पुसायचे. तिसरी, डोके. उवा असलेल्यांवर त्याच आठवड्यात उपचार केला आणि फोड असताना कोणाचेही केस एका वस्तऱ्याने काढले नाहीत. चौथी, साबण. साबण महागडा, जंतुनाशक असण्याची गरज नाही. कराचीच्या झोपडवस्त्यांत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत साबण देऊन हात धुण्याची सवय लावलेल्या घरांतील मुलांत इम्पेटिगो ३४ टक्क्यांनी कमी झाला आणि साधा साबण जंतुनाशक साबणाइतकाच उपयोगी ठरला. मात्र साबण कपाटात असून भागत नाही. आम्ही तो जाळीच्या पिशवीत घालून नळापाशी बांधला.

पाड्यावरची लहान बहीण

त्या ११ मुलांच्या घरीही आम्ही गेलो, कारण पोळ्याच्या सुट्टीत मुले घरी जाऊन आली होती. एका घरी चार वर्षांच्या मुलीच्या पायांवर सुकलेल्या खपल्या होत्या. आईने हळद आणि तेल लावले होते. ती म्हणाली, “ताई, फोडं तं सुकले. पण तोंड सुजते सकाळी.” पापण्या जड दिसत होत्या. लघवीचा रंग विचारला तर “काळ्या चहावानी” असे उत्तर आले.

हे मूत्रपिंडाच्या सुजेचे लक्षण आहे. स्ट्रेप जंतूच्या काही जातींनी कातडीला फोड आल्यावर, साधारण तीन आठवड्यांनी, कधी त्याआधी किंवा नंतरही, काही मुलांची मूत्रपिंडे सुजतात. फोड बरे झालेले असतात, म्हणून कोणी दोन्हींचा संबंध जोडत नाही. मुलीला त्याच दिवशी रुग्णालयात नेले. रक्तदाब वाढलेला होता. मीठ व पाणी मोजून देणे, लघवी वाढवणारे औषध, रोज वजन आणि रक्तदाब, असा सहा दिवस उपचार झाला आणि ती घरी आली. बहुतेक मुले यातून पूर्ण बरी होतात, पण रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका पहिल्या दिवसांत असतो. घरीच ठेवलेल्या मुलाच्या बाबतीत हा धोका कोणालाच कळत नाही.

फोडांवर वेळेत अँटिबायोटिक दिल्याने त्या मुलाची ही गुंतागुंत नक्की टळते असे सांगता येत नाही. पण तो जंतू पुढच्या मुलाकडे जाणे थांबते आणि त्या पुढच्या मुलाची मूत्रपिंडे वाचतात. म्हणूनच आम्ही प्रत्येक घराला सांगतो की फोड गेल्यावरही महिनाभर सकाळी मुलाचा चेहरा आणि लघवीचा रंग पाहावा.

मलमाची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे न्यायची इतर लक्षणे अशी. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळ. ताप आणि मरगळ. डोळ्याभोवतीचे फोड. फोडाभोवतीची जागा गरम, टणक, दुखरी होऊन पसरणे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून हाताच्या पाठीने ऊब तपासावी. फोड पायावर असताना मूल लंगडणे.

आपल्या पार्सलविषयी

शेवटी, जे बंधुभगिनी औषधे गोळा करतात त्यांच्यासाठी. आमच्याकडे येणाऱ्या पार्सलांत तीन औषधे एकत्र असलेली त्वचेची क्रीम्स खूप असतात. “खाज, नायटा, फोड सगळ्यावर चालते” म्हणून ती लोकप्रिय आहेत. त्यांत जंतूचे, बुरशीचे औषध आणि सोबत स्टेरॉइड असते. वेष्टनावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा असेच “सोल” वा “सोन”ने संपणारे नाव दिसले तर ते क्रीम पाठवू नका. स्टेरॉइडने सूज आणि खाज दोन दिवस दबते, आईला बरे वाटते, पण कातडीची लढण्याची शक्ती कमी होऊन संसर्ग आत पसरतो आणि खरूज ओळखू येत नाही. अर्धी वापरलेली अँटिबायोटिकची बाटलीही पाठवू नका.

वसतिगृहाला खरोखर उपयोगी पडतात त्या वस्तू साध्या आहेत. अंगाचा साबण, पंचे, नेलकटर, मोजमापाच्या सिरिंज, सुती पट्ट्या आणि चादरींचा दुसरा संच. अँटिबायोटिकसाठी वस्तू न पाठवता रक्कम पाठवावी, म्हणजे डॉक्टरांनी मुले पाहिल्यावर त्या वजनाला लागेल तेवढे, सात दिवस पुरेल इतके औषध एकदम घेता येईल.

आपण सुट्टीत एखाद्या वसतिगृहाला भेट दिली तर अधीक्षकांची परवानगी घेऊन एवढे विचारा. फोड किती मुलांना आहेत, सदऱ्याखाली पाहिले का, रात्री खाज किती जणांना आहे आणि औषधाचा तक्ता कोठे आहे. या चार प्रश्नांची उत्तरे वहीत असतील तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो आणि मलम की पोटात औषध, हा निर्णय अंदाजाने करावा लागत नाही.